वाळूला तुरटीची साथ: शाळेच्या सहलीसाठी जलशुद्धीकरण केंद्राच्या फेरीची संहिता

(फेरी घेणाऱ्यासाठी: आदल्या दिवशीच नदीच्या कच्च्या पाण्याने एक उंच काचेची बरणी भरून प्रयोगशाळेत न हलवता ठेवा. मुलं येण्याच्या साधारण अर्धा तास आधी जार टेस्टचं यंत्र सुरू करा, म्हणजे ती पोचतील तेव्हा निकाल दिसायला लागलेला असेल. आकडे सांगताना आपल्या केंद्राचे खरे आकडे वापरा. इथले आकडे दिवसाला 1 कोटी लिटर पाणी शुद्ध करणारं केंद्र गृहीत धरून काढलेले आहेत.)

जॅकवेलपाशी

मुलांनो, कठड्यापासून दोन पावलं मागे उभे राहा आणि खाली बघा. ही विहीर नदीला जोडलेली आहे. हिला जॅकवेल म्हणतात. नदीचं पाणी हिच्यात येतं आणि पंप ते वर चढवतात. विहिरीच्या तोंडाशी लोखंडी गजांची जाळी दिसते ना? फांद्या, पानं, प्लास्टिक, मेलेले मासे तिथेच अडतात. जाळी दररोज साफ करावी लागते, पुराच्या दिवसांत तर तासातासाला.

आता या पाण्याचा रंग नीट लक्षात ठेवा. तो मातीमुळे आला आहे. दिसणारी माती आणि न दिसणारे जंतू, दोन्ही आपल्याला काढायचे आहेत. मातीचं काम सोपं आणि जंतूंचं अवघड असं तुम्हाला वाटेल. प्रत्यक्षात आमची बहुतेक मेहनत मातीवरच खर्च होते, आणि ती नीट निघाली तरच जंतूंचा बंदोबस्त करता येतो. असं का, ते आज बघू.

(एरेटरवरून जाताना फार वेळ थांबू नका.)

पायऱ्यापायऱ्यांवरून हे पाणी उतरतंय, ते दिसायला सगळ्यात सुंदर आहे, फोटो इथेच निघतात. पायऱ्यांवर पाणी पातळ पसरतं, त्यात हवा मिसळते आणि कुजका वास देणारे वायू उडून जातात. लोह विरघळलेलं असेल तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे ते घट्ट कणांच्या रूपात बाहेर येतं. माती मात्र इथे तिळभरही कमी होत नाही. चला, प्रयोगशाळेत जाऊ.

प्रयोगशाळेत: बरणी आणि सहा जार

(काल भरून ठेवलेली बरणी दाखवा. तळाचा गाळ आणि वरचं गढूळ पाणी वेगवेगळं दिसलं पाहिजे.)

हे पाणी कालपासून जागचं हललेलं नाही. तळाशी गाळ बसला आहे, पण वरचं पाणी अजून चहाच्या रंगाचंच आहे. ते का निवळलं नाही?

याचं कारण कणांच्या आकारात आहे. बारीक वाळूचा कण साधारण एक दशांश मिलिमीटरचा असतो. तो पाण्यात एक मीटर खाली जायला दोन मिनिटं घेतो. त्याच्या दहापट लहान कण तेवढंच अंतर जायला जवळजवळ दोन तास घेतो. आणखी दहापट लहान कण, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा चिकणमातीचा कण, एक मीटर खाली जायला साडेसात दिवस लावतो. इतक्या बारीक कणांचा आकार दहापट कमी झाला की बसण्याचा वेग जवळजवळ शंभरपट कमी होतो.

आता हिशेब करून बघा. असे कण नुसते बसू द्यायचे ठरवलं आणि टाकी तीन मीटर खोल ठेवली, तर पाणी तीन आठवडे साठवावं लागेल. दिवसाला एक कोटी लिटर या हिशेबाने तो साडेसात हेक्टरांचा तलाव होईल. वारा सुटला की त्याचा तळ ढवळला जाईल ते वेगळंच. चिकणमातीत याहून बारीक कणही असतात, ते तर इतक्या दिवसांतही बसणार नाहीत.

मग हे कण एकमेकांना चिकटून मोठे का होत नाहीत? कारण चिकणमातीच्या प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात. कण जवळ येतात आणि चिकटण्याआधीच बाजूला सरतात. बरणीतलं पाणी गढूळ राहतं ते यामुळे.

इथे तुरटी लागते. तुरटीत ॲल्युमिनियम असतं. ती पाण्यात विरघळली की त्या ॲल्युमिनियमवर धन भार येतो आणि तो मातीच्या कणांवरचा ऋण भार मारतो. ढकलाढकली थांबते. शिवाय तुरटीपासून पाण्यात एक पांढरट, मऊ, जेलीसारखा पदार्थ तयार होतो, त्याचं नाव ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड. तो खाली जाताना वाटेतले कण आपल्यात गुरफटून घेतो. माती, जंतू, शेवाळाचे तुकडे, सगळे एकाच पुंजक्यात अडकतात.

किती तुरटी घालायची, हे मात्र पुस्तक उघडून सांगता येत नाही. नदीचं पाणी रोज वेगळं असतं. म्हणून हे सहा जारचं यंत्र आहे. आजचा प्रयोग पावसाळ्यातल्या पाण्याचा आहे असं समजा. काल रात्री डोंगरात पाऊस झाला आणि सकाळी कच्च्या पाण्याचा गढूळपणा 400 एनटीयू भरला. एनटीयू हे गढूळपणा मोजायचं एकक आहे. यंत्र पाण्यात उजेड सोडतं आणि कणांवर आपटून तो बाजूला किती विखुरतो ते मोजतं. साधारण 4 एनटीयूच्या खाली गेलं की डोळ्याला गढूळपणा दिसतच नाही, फक्त यंत्राला कळतो. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

सहाही जारमध्ये एकेक लिटर कच्चं पाणी घेतलं आणि त्यांत तुरटी घातली, अनुक्रमे 20, 30, 40, 50, 60 आणि 70 मिलिग्रॅम. पाती एक मिनिट जोरात फिरवली, मग वीस मिनिटं अगदी सावकाश, आणि नंतर अर्धा तास सगळं स्थिर ठेवलं. वरचं पाणी मोजलं तर समजा असे आकडे आले: पहिल्या जारमध्ये 90, दुसऱ्यात 28, तिसऱ्यात 9, चौथ्यात 4, पाचव्यातही 4, आणि सहाव्यात 11.

शेवटचा आकडा बघा. तुरटी सगळ्यात जास्त तिथे पडली, तरी पाणी बिघडलं. तुरटी विरघळताना पाणी आम्लाकडे झुकतं. नदीच्या पाण्यात आम्ल झेलून घेणारे क्षार असतात, त्याला अल्कता म्हणतात. एक मिलिग्रॅम तुरटी साधारण अर्धा मिलिग्रॅम अल्कता खाऊन टाकते. पावसाचं पाणी मिसळून नदी पातळ झालेली असते, म्हणून पुरात अल्कता कमी भरते. समजा ती लिटरला 40 मिलिग्रॅम आहे. 50 मिलिग्रॅम तुरटीने त्यातली 25 संपली, 15 शिल्लक राहिली. 70 मिलिग्रॅमने 35 संपली आणि उरली फक्त 5. मग पाणी इतकं आम्ल होतं की जेली नीट तयार होत नाही आणि ॲल्युमिनियमच पाण्यात विरघळून राहतं. ते आपल्याला पिण्याच्या पाण्यात अजिबात नको आहे.

म्हणून आज 50 ची मात्रा. एक कोटी लिटर पाण्याला दिवसभरात 500 किलो तुरटी लागेल. अल्कता यापेक्षाही कमी भरली असती, तर आधी थोडा चुना घालून हीच चाचणी पुन्हा केली असती. संध्याकाळी नदीचा रंग बदलला की जार पुन्हा मांडायचे. पुराच्या रात्री इथला केमिस्ट झोपत नाही. या केंद्रातलं सगळ्यात महत्त्वाचं काम मला विचाराल तर ते याच टेबलावर होतं. बाहेरच्या मोठमोठ्या टाक्या इथे ठरलेलं अमलात आणतात.

क्लॅरिफ्लॉक्युलेटरच्या पुलावर

(एका वेळी दहाच मुलं पुलावर घ्या. कठड्याला धरून चालायला सांगा.)

मघाशी येताना खळखळणारी छोटी टाकी दिसली, तो फ्लॅश मिक्सर. तुरटी तिथे पडते आणि साधारण मिनिटभर पाणी जोरात घुसळलं जातं, कारण तुरटी क्षणात सगळीकडे पोचायला हवी. आता पायाखालच्या मोठ्या गोल टाकीकडे बघा. तिला दोन वर्तुळं आहेत. आतल्या वर्तुळात पाती अगदी संथ फिरताहेत. इथे पाणी साधारण अर्धा तास राहतं. संथ फिरण्याने कण एकमेकांवर आपटतात, चिकटतात आणि पुंजके वाढत जातात. वेग वाढवला तर तयार झालेले पुंजके फाटतात, आणि फाटलेला पुंजका पुन्हा पहिल्यासारखा जुळत नाही.

नीट टक लावून बघा, मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे तपकिरी पुंजके दिसतील. तेच बाहेरच्या वर्तुळात जाऊन खाली बसतात. तिथे पाण्याला साधारण अडीच तास मिळतात. तुरटीशिवाय साडेसात हेक्टरांचा तलाव लागणार होता, आठवतंय? तुरटीमुळे तेच काम बाहेरच्या या वर्तुळाच्या सुमारे तीनशे चौरस मीटर जागेत होतं. खाली एक लांब हात सावकाश फिरत गाळ मध्यभागी ओढतो आणि तिथून तो बाहेर सोडला जातो.

कडेला करवतीच्या दातांसारखी पट्टी आहे. तिच्यावरून निवळलेलं पाणी पन्हळीत पडतं. आमचा ऑपरेटर तिथे वाकून बघतो, ते पुंजके वाहून येताहेत का हे पाहण्यासाठी. अगदी बारीक ठिपक्यांएवढे पुंजके येत असतील तर मात्रा चुकली आहे किंवा घुसळण बिघडली आहे. मोठे, चांगले पुंजके गठ्ठ्याने वर येत असतील तर मात्रा बरोबर आहे, पण पाणी टाकीतून फार वेगाने जातंय किंवा तळाशी गाळ साचून राहिला आहे. दोन्ही वेळा पाणी गढूळच दिसतं, उपाय मात्र अगदी निराळे.

फिल्टर हाउसमध्ये

इथे आवाज घुमतो, म्हणून जवळ या. समोर चार हौद आहेत. वर पाणी दिसतंय, त्याखाली सुमारे 75 सेंटिमीटर जाडीचा वाळूचा थर आहे आणि त्याखाली खडी. वाळू मुद्दाम निवडलेली असते, तिचे कण साधारण अर्ध्या मिलिमीटरचे. पाणी वरून येतं, वाळूतून खाली जातं आणि जाताना स्वच्छ होतं. सगळा थर ओलांडायला त्याला जेमतेम चार मिनिटं लागतात.

आता एक प्रश्न. वाळू ही चाळणी आहे का?

(दोन-तीन उत्तरं येऊ द्या. बहुतेक मुलं हो म्हणतात.)

मोजून बघू. वाळूचा एक कण फुटबॉलएवढा मोठा केला, तर दोन कणांमधली फट लिंबाएवढी होईल. त्याच प्रमाणात जंतू मोठा केला तर तो टाचणीच्या टोकाएवढा होईल. लिंबाएवढ्या भोकातून टाचणीचं टोक अडेल का? नाही अडणार. म्हणजे जंतू वाळूत चाळून निघत नाहीत. ते वाळूच्या कणांना चिकटतात. पाणी वळणावळणाने जाताना बारीक कण वाळूवर आपटतात आणि तिथेच राहतात, पण कधी? त्यांच्यावरचा भार तुरटीने मारला असेल तरच. वाळूवरही ऋण भार असतो. तुरटी न घालता गढूळ पाणी या हौदावर सोडलं, तर चिकणमातीचे कण आणि जंतू बऱ्याच संख्येने पार निघून जातात. हौद तोच, वाळू तीच, फरक फक्त प्रयोगशाळेतल्या त्या मात्रेचा.

हे चुकलं तर काय होतं, त्याची एक खरी घटना सांगते. अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काठी मिलवॉकी नावाचं शहर आहे. 1993 च्या मार्च आणि एप्रिलमध्ये तिथे चार लाखांच्या आसपास लोकांना जुलाब झाले. कारण होतं क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक सूक्ष्म परजीवी. त्याचं कवच इतकं टणक असतं की पाण्यात घातल्या जाणाऱ्या नेहमीच्या क्लोरीनने तो मरत नाही. त्याला फिल्टरमध्येच अडवावं लागतं. त्या दिवसांत शहराच्या एका केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढून 1.7 एनटीयूपर्यंत गेला होता. मघाचा आकडा आठवा, 4 च्या खाली डोळ्याला काही दिसत नाही. म्हणजे ग्लासात धरलं असतं तर ते पाणी स्वच्छच दिसलं असतं. म्हणून प्रत्येक हौदाच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यावर वेगळं गढूळपणा मोजणारं यंत्र हवं. हौद चांगला चालत असेल तर ते 0.3 च्या खाली दाखवतं. कुठे 0.2 वरून 0.6 झालं, तर पाणी दिसायला तसंच असतं, तरी आम्ही धावतो.

हौद भरत कसा जातो तेही बघा. एक-दोन दिवसांत वाळूतल्या फटी घाणीने भरतात, पाण्याला खाली जायला जोर लागतो आणि भिंतीवरचा हा मापक चढत जातो. त्याने ठरलेली हद्द गाठली की हौद धुवायचा. त्याला बॅकवॉश म्हणतात.

(शक्य असेल तर बॅकवॉश याच वेळी घ्या. मुलांना हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो.)

आधी खालून हवा सोडली, बघा, वाळू उकळल्यासारखी दिसते. कण एकमेकांवर घासतात आणि चिकटलेली घाण सुटते. आता खालून उलटं पाणी. वाळू फुगून वर येते आणि तपकिरी पाणी पन्हळीतून निघून जातं. दहाएक मिनिटांत पाणी साफ होतं. हे धुण्याचं पाणी फेकून द्यायचं नसतं. गाळ बसवून ते पुन्हा कच्च्या पाण्यात घेता येतं.

नुकताच धुतलेला हौद सगळ्यात चांगलं गाळत असेल असं वाटतं ना? उलट आहे. पहिली पंधरा ते तीस मिनिटं त्यातून येणारं पाणी जरा जास्तच गढूळ असतं, कारण धुण्याचं उरलेलं पाणी आत असतं आणि वाळूवर बसलेल्या कणांचा पातळ थर निघून गेलेला असतो. नवे कण चिकटायला तो थर मदत करतो. म्हणून सुरुवातीचं पाणी शहराकडे न सोडता बाजूला काढायचं किंवा हौद अगदी हळू सुरू करायचा. हे न केल्यामुळे बाहेरच्या पाण्यात रोज ठरावीक वेळी गढूळपणाची उंच टोकं दिसणारी केंद्रं असतात.

क्लोरीन आणि शेवटचा नळ

क्लोरीनच्या खोलीत आपण जाणार नाही, कारण तो वायू विषारी आहे. दारावर मुखवटे टांगलेले आहेत, ते गळती झाली तर कामगारांनी वापरायचे.

फिल्टरमधून चुकून निसटलेले जंतू इथे मरतात. समजा लिटरमागे 2 मिलिग्रॅम क्लोरीन घातला, म्हणजे दिवसाला 20 किलो. त्यातला काही पाण्यातल्या उरल्यासुरल्या घाणीशी लढण्यात लगेच संपतो. पाणी गढूळ सोडलं असतं तर बहुतेक सगळाच संपला असता, आणि मातीच्या पुंजक्यात दडलेल्या जंतूपर्यंत तो पोचलाच नसता. माती आधी का काढली, त्याचं उत्तर हे आहे.

क्लोरीन टाकला की जंतू लगेच मरत नाहीत, त्याला निदान अर्धा तास द्यावा लागतो. आपल्या केंद्रातून सेकंदाला साधारण 116 लिटर पाणी जातं, म्हणजे अर्ध्या तासाचं पाणी ठेवायला दोन लाख लिटरांहून मोठी टाकी लागते. पाणी एका टोकाने येऊन सरळ दुसऱ्या टोकाने निघून जाऊ नये, म्हणून आत आडव्या भिंती घालून त्याला नागमोडी फिरवलेलं असतं.

(नमुन्याच्या नळाचं पाणी छोट्या कुपीत घ्या, त्यात डीपीडीची गोळी टाका. रंग गुलाबी होईल. तो रंगपट्टीशी मुलांकडून ताडून घ्या.)

जितका गडद गुलाबी, तितका क्लोरीन शिल्लक. आत्ता समजा 0.8 मिलिग्रॅम आला. पाइपातून जाताना तो कमी होत जातो. शहराच्या शेवटच्या टोकाच्या नळावर निदान 0.2 मिलिग्रॅम उरला पाहिजे, कारण वाटेत पाइप फुटला आणि बाहेरची घाण आत शिरली तर तिच्याशी लढायला तेवढाच शिल्लक असतो.

मुलं नेहमी विचारतात, हे पाणी समुद्राचं असतं तरी असंच गोड झालं असतं का? नाही. मीठ पाण्यात पूर्ण विरघळलेलं असतं. त्याचे कण पुंजक्यात अडकत नाहीत, वाळूला चिकटत नाहीत आणि क्लोरीनलाही दाद देत नाहीत. शेतातून येणारे नायट्रेट आणि पाणी जड करणारे क्षारही याच कारणाने इथून जसेच्या तसे पार होतात. ते काढायला वेगळी यंत्रं लागतात, आणि नदीत ते वाढलेत की नाही हे आम्हाला वेगळ्या चाचण्यांनी तपासावं लागतं.

शहरात आमचे लोक रोज ठिकठिकाणच्या नळांवर हीच गुलाबी चाचणी करत फिरतात. एखाद्या गल्लीत काल 0.4 होता आणि आज गोळी टाकल्यावर कुपीत रंगच आला नाही, तर त्या गल्लीचा पाइप कुठेतरी फुटला आहे असं धरूनच शोध सुरू होतो. तोपर्यंत तिथल्या घरांना पाणी उकळून प्यायला सांगायचं, आणि पाइप दुरुस्त झाल्यावर तो क्लोरीनच्या पाण्याने धुऊन नळावर पुन्हा चाचणी घ्यायची.